पाण्याचा डिफ्युझर की बिनपाण्याचा?

प्रश्न: आम्ही दहिसरला राहतो. वर्षभरापूर्वी तीनशे मिलीचा अल्ट्रासॉनिक डिफ्युझर घेतला, रात्री लव्हेंडर घालून लावते. हल्ली टीव्हीवर आणि काळ्या टेबलावर पांढरी भुकटी बसते, वाफही आधीसारखी येत नाही. पावसाळ्यात बेडरूमच्या कपाटामागे बुरशी धरली. दुकानदार म्हणतो नेब्युलायझिंग घ्या, त्याला पाणीच लागत नाही. घ्यावा का? साफ कसा करायचा आणि किती वेळ चालवायचा? घरात सासऱ्यांना दमा आहे.

उत्तर:

बेडरूमसाठी घेऊ नका. भुकटी आणि मंदावलेली वाफ यांत यंत्राचा दोष नाही. एक पाण्यामुळे आहे, दुसरी सफाईमुळे, आणि दोन्ही शे-दोनशे रुपयांत सुटतील. बुरशीत डिफ्युझरचा वाटा आहे, पण दुकानदार सांगतो तेवढा नाही. मी सुगंधी तेलांचं काम करते. स्पा आणि योगवर्गांना यंत्रं बसवून देते, बंद पडलेली उघडूनही बघते. या दोन जातींबद्दल दुकानात जे सांगितलं जातं, त्यात खरी गोष्ट बहुधा निसटते. ती अशी की पाण्याच्या यंत्रात तेलाचं माप थेंबांनी ठरतं आणि बिनपाण्याच्या यंत्रात घड्याळाने. घड्याळाकडे लक्ष द्यायची तयारी नसेल, तर दुसऱ्या जातीच्या वाटेला जाऊ नये.

आधी दोन्हींच्या आत काय चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं आपोआप उलगडेल. तुमच्या अल्ट्रासॉनिकच्या टाकीच्या तळाशी रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती दिसेल. ती वीज लावली की सेकंदाला लाखो वेळा थरथरते. बहुतेक घरगुती यंत्रांत हा आकडा सतरा लाख किंवा चोवीस लाख असतो. त्या थरथरीने पाण्याच्या पृष्ठभागावरून अतिशय बारीक थेंब सुटतात आणि खालचा छोटा पंखा ते वर ढकलतो. आपण त्याला वाफ म्हणतो, पण ती वाफ नाही, थंड तुषार आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. पाणी उकळून वाफ झाली की क्षार भांड्यात राहतात. तुषारात मात्र पाण्यात जे जे आहे ते सगळं हवेत जातं: तेल, क्षार आणि टाकीत काही वाढलं असेल तर तेही.

नेब्युलायझिंगमध्ये पाणी नाही, चकतीही नाही. एक छोटा हवेचा पंप असतो. तो एका बारीक तोंडातून जोरात हवा सोडतो. त्या झोताशेजारी हवेचा दाब उतरतो आणि सुईसारख्या नळीतून तेल वर खेचलं जाऊन त्याच झोतात फुटतं. मोठे थेंब काचेच्या भिंतीवर आपटून परत खाली येतात, अगदी बारीक तेवढे वरच्या तोंडातून बाहेर पडतात. काही यंत्रांना वर काचेचं नाजूक भांडं असतं, काहींत तेलाची बाटलीच उलटसुलट न करता थेट खाली फिरवून बसवतात. आतलं काम दोन्हींत तेच. बाहेर येतं ते निव्वळ तेल.

आता हिशेब करून बघा. तुमच्या यंत्रात दीडशे मिली पाणी आणि पाच थेंब लव्हेंडर घातलं असं धरू. ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे साधारण एक मिली, म्हणजे पाच थेंब पाव मिली. हे यंत्र तासाला तीसेक मिली पाणी उडवतं, तेव्हा पाच तासांत टाकी रिकामी होईल आणि तेवढ्या वेळात खोलीत पाव मिली तेल जाईल. तासाला सरासरी ०.०५ मिली. नेब्युलायझिंग यंत्र सलग चालवलं तर मॉडेलप्रमाणे आणि तेलाच्या पातळपणाप्रमाणे तासाला अर्धा ते दोन मिली तेल उडतं. एक मिली धरा. म्हणजे त्याच खोलीत वीसपट तेल. दहा मिलीची चांगल्या लव्हेंडरची बाटली पाचशेला पडली, तर तुमच्या यंत्राचा तासाचा खर्च अडीच रुपये आणि त्याचा पन्नास. पण पैशांचं सोडा. दहा बाय बाराच्या बंद खोलीत तासाला एक मिली तेल हे नाकाला, घशाला आणि डोळ्यांना जास्तच आहे.

म्हणूनच या यंत्रांना एक मिनिट चालू, नऊ मिनिटं बंद अशा फेऱ्यांची सोय असते. त्या फेरीवर ठेवलं की तासाला सहा मिनिटं पंप चालतो आणि तेल ०.१ मिलीवर येतं. हे झालं हिशेबातलं. पाच थेंबवाल्या तुमच्या यंत्राच्या दुप्पट, पण हॉलला चालेल. दुकानात मात्र हे यंत्र सलग चालू करून दाखवतात. सुगंध भपकन येतो, गिऱ्हाईक खूश होतं, घरी येऊन तसंच चालवतं आणि तिसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून मला फोन करतं. तुमच्या हाती आलेलं यंत्र नक्की किती तेल खातं हे बघायचं असेल, तर सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. बाटली यंत्राला लावण्याआधी तोला, दहा मिनिटं सलग चालवा, पुन्हा तोला. लव्हेंडरचा एक मिली ०.८८ ग्रॅमच्या आसपास भरतो. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा हे बरं. हे करताना खिडकी उघडी ठेवा.

आता पाण्याकडे येऊ, कारण तुमची मुख्य तक्रार तिथली आहे.

पालिकेचं पाणी तलावांचं आहे. भातसा, तानसा, मोडकसागर, वैतरणा ही सगळी पावसाची साठवण, म्हणून ते तसं मऊ असतं. त्यावर डिफ्युझर चालवला तर भुकटी बसते, पण कळून येईल इतकी बहुधा नाही. तुमच्याकडे ती टीव्हीवर दिसण्याइतकी बसते आहे. त्यावरून मला शंका येते की सोसायटीच्या टाकीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलं जातं. वॉचमनला विचारा, तो सांगेल. किंवा शंभर-दोनशे रुपयांत मिळणारं टीडीएस मीटर पाण्यात बुडवा. टीडीएस म्हणजे एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत तो आकडा. समजा तो सहाशे आला. तुम्ही रोज रात्री पाव लिटर पाणी उडवलंत, तर दीडशे मिलिग्रॅम क्षार खोलीत उडाले. महिन्याला साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याला थोडे कमी. तेवढी पांढरी पूड कुणी खोलीत पंख्याखाली उधळली असती तर तुम्ही ऐकून घेतलं नसतं. ती टेबलावर दिसते म्हणून आपण टेबल पुसतो, पण न दिसणारा भाग श्वासातून जातो. दमा असलेल्या माणसाच्या घरात हे चालू द्यायचं नाही.

उपाय सोपा आहे. टाकीत आरओचं पाणी घाला. स्वयंपाकघरातल्या आरओचा टीडीएस साधारण पन्नासच्या आसपास लावलेला असतो, तेवढ्याने भुकटी नजरेआड होते. उकळून गार केलेलं पाणी मात्र या कामाचं नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षारांपैकी थोडे पातेल्याच्या तळाला बसतात आणि बाकीचे पाण्यातच राहतात. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी बादलीत धरून इन्व्हर्टरला घालायची आपल्याकडे पद्धत आहे, त्यामुळे ते डिफ्युझरलाही चालेल असं पुष्कळांना वाटतं. क्षार त्यात खरंच नसतात. पण ते एसीच्या कॉइलवरची धूळ आणि बुरशी धुऊन आलेलं असतं, आणि आपलं यंत्र तेच बारीक करून नाकाशी आणून सोडेल. ते घालू नका. केमिस्टकडचं डिस्टिल्ड पाणी उत्तम, मात्र काही छोट्या स्वस्त यंत्रांची पाणी ओळखायची खूण क्षारांवर चालते. डिस्टिल्ड घातलं की त्यांना टाकी रिकामी वाटते आणि ती चालूच होत नाहीत. तसं झालं तर यंत्र बिघडलेलं नाही, आरओच्या पाण्यावर या.

बुरशीचं गणित थोडं वेगळं आहे. दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे बत्तीस घनमीटर हवा. जुलैत अठ्ठावीस अंशांना आणि ८५ टक्के दमटपणाला त्या हवेत आधीच साडेसातशे ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. पूर्ण भिजायला एकशेतीस ग्रॅमची जागा उरलेली असते. डिफ्युझर तासाला तीस ग्रॅम घालतो. माणूस झोपेतसुद्धा श्वासातून आणि घामातून तासाला चाळीसेक ग्रॅम पाणी सोडतो. म्हणजे डिफ्युझर लावणं हे त्या खोलीत आणखी एक माणूस झोपवण्यासारखं आहे. दारं-खिडक्या घट्ट बंद आणि एसी नाही अशा खोलीत हा जादा माणूस जाणवतो. एसी चालू असेल तर एसी तासाला लिटरच्या हिशेबात पाणी बाहेर काढत असतो, तिथे तीस ग्रॅमांची काय कथा. कपाटामागे बुरशी धरली ती मुख्यतः बाहेरच्या भिंतीला चिकटवून कपाट ठेवल्यामुळे आणि मागे हवा न खेळल्यामुळे. कपाट चार बोटं पुढे ओढा, आणि ती भिंत बाहेरून पाझरते का तेही बघा.

एक खूण मात्र यंत्राकडे थेट बोट दाखवते. ज्या फळीवर डिफ्युझर ठेवता तिच्यावर सकाळी ओलसर गोल दिसतो का? दमट हवेत तुषार वर जाऊन विरण्याआधीच खाली बसतो. असा गोल दिसत असेल तर त्या दिवसांत बेडरूममध्ये हे यंत्र बंदच ठेवा. जून ते सप्टेंबर मी स्वतः बिनएसीच्या खोल्यांत पाण्याचा डिफ्युझर कुणाला सुचवत नाही. रुमालावर किंवा सच्छिद्र मातीच्या छोट्या तुकड्यावर दोन थेंब टाकून उशाशी ठेवले तरी झोपेपुरता सुगंध पुरतो. याला वीज लागत नाही, म्हणून कुणी विकत नाही.

आता सफाई. तुमची वाफ कमी झाली आहे ती चकतीवर क्षारांचा थर बसल्याने, हे माझं अनुमान आहे. पण आधी दोन फालतू कारणं तपासून घ्या. टाकीत पाणी कमाल रेषेच्या वर भरलं की चकतीवर पाण्याचं ओझं होतं आणि तुषार सुटत नाही. लोक जास्त वेळ चालावं म्हणून काठोकाठ भरतात आणि वाफ गेली म्हणतात. दुसरं, थेंब फार झाले की पाण्यावर तेलाचा जाड तवंग येतो आणि तोही तुषार दाबतो. शंभर मिलीला तीन ते पाच थेंब, त्यापुढे जाऊ नये. हे दोन्ही ठीक असेल तर चकतीकडे वळा.

प्लग काढा. टाकीतलं पाणी ओता, पण कुठल्याही बाजूने नाही. टाकीच्या एका कडेला हवा येण्याचं भोक किंवा जाळी असते, तिच्या विरुद्ध बाजूने ओता. हवेच्या भोकातून पाणी आत गेलं की पंखा आणि सर्किट भिजतं. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या यंत्रांपैकी बरीच याच कारणाने मेलेली असतात. नळाखाली धरून धुणं हाही तोच प्रकार.

पाणी ओतल्यावर बोट आतून फिरवून बघा. बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेपाशी, तेलाचा चिकट पिवळसर पट्टा लागेल. चकतीवर पांढरट गोल कडं असेल, हाताला खरखरीत. इथे क्रम चुकतो सगळ्यांचा. लोक थेट व्हिनेगर घालतात. पण चकतीवर तेलाचा पातळ थर असतो आणि त्याखाली क्षार. व्हिनेगर तेलातून खाली उतरत नाही. म्हणून आधी तेल काढायचं. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब घालून मऊ कापडाने टाकी आतून पुसा, स्वच्छ पाण्याने विसळा आणि पुन्हा विरुद्ध बाजूने ओता. तरीही चिकट राहिलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून चटकन फिरवा आणि लगेच कोरडं करा, प्लास्टिकवर ते मुरत ठेवू नका. सॅनिटायझरची जेल चालणार नाही, तिच्यात ग्लिसरीनसारखं काही ना काही असतं आणि तेच चिकटून बसतं.

मग चकती बुडेल एवढंच पाणी घ्या आणि त्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. घरात नसेल तर कपभर पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्व. लिंबू पिळू नका, गर आणि साखर मागे राहते. यंत्र बंद ठेवूनच दहा-पंधरा मिनिटं थांबा. नंतर कान साफ करायची कापसाची काडी चकतीवर हलकी गोल फिरवा. थर जुना असेल तर पहिल्या खेपेला अर्धाच निघेल, दुसऱ्यांदा तेच करा. पण नख, सुरी, तारेची घासणी लावू नका. चकतीवरचा लेप एकदा खरवडला की तिची थरथर बिघडते आणि ती परत आणता येत नाही. शेवटी दोनदा विसळून कोरडी करा आणि झाकण उघडं ठेवून तासभर ओट्यावर राहू द्या.

हे आठवड्यातून एकदा. पाणी मात्र रोज काढायचं. रात्रीचं उरलेलं सकाळी ओतून टाकी पुसून ठेवायची, मग ते कितीही उरलेलं असो. मुंबईच्या उष्म्यात साचलेल्या पाण्यात दोन-चार दिवसांत बुळबुळीत थर धरतो, कधी त्याला गुलाबी छटा येते. बोटाला तो लागला की त्या दिवशी यंत्र लावू नका, वर सांगितलेली सफाई आधी. तेल जंतूंना मारतं म्हणून पाणी खराब होत नाही, असं सांगणारे भेटतील. चार थेंब तेल पाण्यात विरघळतच नाही, वर तरंगतं. खालच्या पाण्याचं ते काही करत नाही.

नेब्युलायझिंगला रोजची पुसापुशी नाही, पण त्याची सफाई चुकली तर ती महागात पडते. काचेत उरलेलं तेल हवेने जुनं होतं आणि घट्ट होत जातं. संत्रं, लिंबू, गवती चहा यांसारखी तेलं यात आघाडीवर. अशी जुनी झालेली तेलं त्वचेलाही जास्त चावतात. सुईएवढ्या नळीत घट्ट झालेला एक थेंब अडकला की संपलं. पंपाचा आवाज नेहमीसारखा येतो, बाटलीत तेल असतं, पण वर धुकं दिसत नाही. किंवा थुंकल्यासारखे मोठे थेंब उडतात आणि तोंडापाशी तेल ओघळतं. ही तुंबल्याची पहिली खूण.

तेव्हा, आणि तसंही एक तेल बदलून दुसरं लावताना, काचेचा भाग सुटा करा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पंधरा-वीस मिनिटं बुडवा. ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने नळीतून दोन-तीनदा अल्कोहोल आरपार सोडा, मग उघड्यावर पूर्ण वाळू द्या. काही माहितीपत्रकांत अल्कोहोल भरून यंत्र पाच मिनिटं चालवा असं लिहिलेलं असतं. मी ते करू देत नाही. अल्कोहोलचं धुकं पेट घेतं, आणि आपल्या घरांत गॅसची शेगडी आणि देवापुढचा दिवा फार लांब नसतात. त्याच कारणाने दोन्ही जातींचं कुठलंही यंत्र देवघराजवळ ठेवू नका. सुगंधी तेलंसुद्धा ज्वालाग्राही असतात.

बिनपाण्याच्या यंत्राला तेल शुद्धच लागतं, आणि पातळ लागतं. वाळा, चंदन, पचौली ही घट्ट तेलं त्यात एकटी घालू नयेत. वाळ्याचा मोह झालाच तर संत्र्यासारख्या पातळ तेलात दहात एक भाग, आणि वापर झाल्यावर त्याच दिवशी सफाई. मोहम्मद अली रोडवरचं अत्तर कितीही सुंदर असो, ते चंदनतेलाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या जड आधारावर केलेलं असतं, ते नको. शंभर रुपयांत मिळणारी ‘अरोमा ऑइल’ तर नकोच नको. खोबरेल आणि बदाम तेल कुठल्याच डिफ्युझरमध्ये जात नाही. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी बघा. लव्हेंडर, निलगिरी, लिंबू यांसारख्या पातळ तेलाचा तेलकट डाग राहिला तर त्यात काहीतरी मिसळलेलं आहे. घट्ट तेलांना ही परीक्षा लागू नाही, ती शुद्ध असली तरी डाग सोडतात.

यंत्र आडवं झालं तर तेल पंपात उतरतं आणि आतल्या नळ्या फुगवतं. गावी नेताना बाटली लावलेली ठेवू नका. आणि हेही सांगून ठेवते: सासऱ्यांचं औषध घ्यायचं नेब्युलायझर घरात असेल, तर त्यात सुगंधी तेलाचा एक थेंबही घालायचा नाही. तो मास्क थेट फुप्फुसांत औषध पोचवायला बनवलेला आहे.

किती वेळ चालवायचा, याचं उत्तर तुमच्या यंत्रासाठी अर्धा ते पाऊण तास, मग किमान तेवढाच वेळ बंद. रात्रभर नाही. यामागे दोन कारणं आहेत. एक, टाकीत घातलेल्या तेलातला हलका भाग सुरुवातीच्या तासाभरातच बराचसा उडून जातो. पुढचे चार तास तुम्ही मुख्यतः पाणी उडवत असता, म्हणजे सुगंध थोडा आणि दमटपणा पूर्ण. पाणी संपल्यावर यंत्र आपोआप बंद होतं ही सोय चकती जळू नये म्हणून आहे, तेवढा वेळ चालवावं असा तिचा अर्थ नाही.

दुसरं कारण नाकाचं. पंधरा-वीस मिनिटांत नाक वासाला सरावतं आणि तो कळेनासा होतो. तेल संपलं असं वाटून माणूस आणखी चार थेंब घालतो, आणि खोलीत ते आधीच भरपूर असतं. थेंब वाढवण्याआधी गॅलरीत किंवा बाहेरच्या पॅसेजमध्ये दहा मिनिटं थांबून परत या. दारातच सुगंध लागला तर पुरेसं आहे, किंबहुना बंद करायची वेळ झाली आहे. घसा कोरडा पडणं, डोळे चुरचुरणं, कपाळ जड होणं, विनाकारण खोकला ही जास्त झाल्याची लक्षणं. खिडकी उघडा आणि दुसऱ्या दिवशी निम्मे थेंब घाला. तुम्ही झोपायच्या अर्धा तास आधी लावा आणि अंथरुणावर पडताना बंद करा, मग पन्नास-साठ मिलीहून जास्त पाणी लागणार नाही. तेवढ्या थोड्या पाण्याला तीन थेंब बस झाले, फक्त यंत्राची किमान रेषा सांभाळा.

नेब्युलायझिंगच्या बाबतीत हीच वेळ फेरीसकट धरा. एक मिनिट चालू, नऊ मिनिटं बंद, तेही अर्धा-पाऊण तासच, दार उघडं ठेवून. म्हणजे सबंध संध्याकाळी पंप तीन ते पाच मिनिटं चालला. हॉलमध्ये पाहुणे येणार असतील, पावसाळ्यात कुबट वास मारत असेल, तर तिथे हे यंत्र खरंच चांगलं काम करतं, आणि हवेत पाण्याचा थेंब वाढवत नाही. घ्यायचंच झालं तर ज्यात चालू-बंदची वेळ तुम्हाला ठरवता येते तेच घ्या. फक्त जोर कमी-जास्त करायचं चाक असेल तर नको, कमी जोरावरही तेल सलग जात राहतं. पंपाची घरघर मात्र ऐकून मगच पैसे द्या. दुकानातल्या गजबजाटात ती जाणवत नाही आणि रात्री घरात नको होते.

सासऱ्यांच्या खोलीत मात्र यातलं काहीच लावू नका. दमा असलेल्यांना वासानेही झटका येऊ शकतो, तेल शुद्ध असलं तरी. निलगिरी आणि कापूर श्वास मोकळा करतात असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण दम्याच्या माणसाला तेच नेमके टोचू शकतात. त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि ते हो म्हणाले तरी पहिल्यांदा तुमच्या खोलीत दोन थेंबांवर दहा मिनिटं लावून, ते हॉलमध्ये असताना काय होतं ते बघा. तान्हं मूल घरात येणार असेल तर त्या दिवसांत यंत्र बंद. मांजर किंवा पिंजऱ्यातला पक्षी असेल तरीही बंद, टी ट्री तर मांजराच्या आसपास नकोच. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं आपल्यासारखी बाहेर टाकता येत नाहीत.

राहिली ती टीव्हीवरची भुकटी. ती ओल्या फडक्याने पुसलीत तर चुन्यासारखी पसरते आणि वाळल्यावर पुन्हा उमटते. टीव्ही बंद करून आधी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, न दाबता, एकाच दिशेने काढा. काळ्या टेबलावर सनमायका असेल तर कोरडं पुसल्यावर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून एक हात मारा आणि लगेच साध्या पाण्याने पुसा. पॉलिशचं लाकूड किंवा संगमरवर असेल तर व्हिनेगर नको, आणि टीव्हीच्या पडद्यावर तर कुठलंच ओलं नको. पाणी बदलल्यावर आठवड्याने काळ्या टेबलावरून बोट फिरवून बघा. भुकटी तरीही तेवढीच बसत असेल, तर ती डिफ्युझरची नाही, खिडकीबाहेर कुठे बांधकाम चालू आहे का ते पाहा.